एकवीस स्लाइडच्या पीपीटीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. स्टोरीबोर्ड कसा बांधू?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात एका छोट्या संस्थेत काम करते. गावोगावी आम्ही माती परीक्षणाबद्दल बैठका घेतो. त्यासाठी एक पीपीटी आहे, एकवीस स्लाइडची. विषय एवढाच की प्रयोगशाळेत पाठवायला शेतातून मातीचा नमुना कसा घ्यायचा. आता वरून फर्मान आलंय की याचा तीन-साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ करा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू.

पहिला प्रयत्न मी केला. एक स्लाइड म्हणजे एक सीन असं धरलं, प्रत्येक स्लाइडवरचा मजकूर स्वतःच्या आवाजात वाचला, मागे सतार लावली. चौदा मिनिटं झाली. गावातल्या सात-आठ जणांना दाखवला. पाचव्या मिनिटाला एक काका म्हणाले, "ताई, हे कागदावर द्या, घरी वाचतो." बरोबरच होतं त्यांचं.

मुद्दा असा की मला सॉफ्टवेअर विचारायचं नाही. पीपीटीतल्या मजकुराचे सीन कसे पाडायचे, पडद्यावर काय दाखवायचं आणि आवाजात काय बोलायचं हे कुठून सुरू करायचं, ते सांगा. सगळा घोळ बाराव्या स्लाइडवर होतोय, ती जशीच्या तशी देते:

• पृष्ठभागावरील काडीकचरा दूर करावा.
• इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सें.मी. खोल खड्डा घ्यावा.
• खड्ड्यातील माती काढून टाकावी.
• खड्ड्याच्या एका बाजूची २ ते ३ सें.मी. जाडीची माती वरून खालपर्यंत घ्यावी.
• याप्रमाणे ८ ते १० ठिकाणची माती एकत्र करावी.
• चतुर्थांश पद्धतीने अर्धा किलो नमुना ठेवावा.
• नमुना सावलीत सुकवावा.

निवांत_नाना

अहो सोपं आहे. पॉवरपॉइंटमध्येच `File > Export > Create a Video` करा. त्याआधी प्रत्येक स्लाइडला वेळ लावून घ्या म्हणजे आपोआप पुढे सरकेल. मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीचा असाच केला, सगळ्यांना आवडला. फाइल मोठी झाली तर रिझोल्यूशन कमी करा.

शिवारफेरी

नाना, चौदा मिनिटांचा तो व्हिडिओ मी अगदी असाच काढला होता :)

दुपारचा_चहा

दोन नियम सांगतो, बाकी सगळं विसरा. पहिला, मिनिटाला दीडशे शब्द. तीन मिनिटं म्हणजे साडेचारशे शब्दांत संहिता बसवायची. दुसरा, पडद्यावर अक्षर नको. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलंय की चित्र चालू असताना जे कानावर पडतंय तेच अक्षरात दाखवलं तर माणूस कमी शिकतो, कारण डोळे चित्र सोडून वाचत बसतात. त्यामुळे मजकूर पूर्ण उडवा, नुसतं चित्र आणि आवाज.

कातरवेळ

वीस वर्षं एडिटिंग टेबलवर बसतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चहा, तुमचा मेयर बरोबर आहे, पण निष्कर्ष एक पाऊल पुढे गेला. अख्खं वाक्य बोलायचं आणि तेच पडद्यावर लिहायचं, हे वाईट. चित्राच्या शेजारी दोन-तीन शब्द, नेमके जिथे बघायचंय तिथे, हे चालतं आणि आकड्यांना तर लागतंच. "सहा ते आठ इंच" हे कानाने ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे त्या अक्षरांना सुपर म्हणतात. सुपर कशाला द्यायचा? आकडा, नाव, आणि ऐकताना चुकू शकेल असा शब्द. बास.

आणि दीडशे शब्दांचा आकडा इंग्रजीचा आहे. तिकडचे निम्मे शब्द ऑफ, द, फ्रॉम असले चिल्लर असतात. आपल्याकडे ते विभक्तीत चिकटून येतात. "शेताच्या बांधापासून" हे आपले दोन शब्द, इंग्रजीत सहा होतील. मराठीत शांतपणे, समजावून बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द जातात. त्यातही हाताने करायची कृती दाखवताना आवाज मध्येमध्ये गप्प हवा. तीन मिनिटांना अडीचशे शब्द धरा, मग सुखी व्हाल.

शिवारफेरी ताई, सुरुवात कुठून, याचं उत्तर. पीपीटीची प्रिंट काढा, एका पानावर एक स्लाइड. पेन घ्या आणि सगळ्यात वर एक वाक्य लिहा: हा व्हिडिओ बघून झाल्यावर माणूस काय करेल? "माती परीक्षणाचं महत्त्व समजेल" असलं लिहू नका, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. "खुरपं आणि घमेलं घेऊन शेतात जाईल आणि अर्धा किलो योग्य माती पिशवीत भरून आणेल" असं लिहा. मग एकेक स्लाइड उचलून विचारा, ही त्या माणसाच्या हाताला उपयोगी आहे का? तीन ढीग करा. एक फेकायचा, एक कागदी पत्रकात जाणारा, एक व्हिडिओचा. तिसरा ढीग किती उरतो ते सांगा, मग पुढे.

शिवारफेरी

केलं! पाच स्लाइड फेकल्या: शीर्षक, अनुक्रम, संस्थेची ओळख दोन, आणि धन्यवाद. नऊ पत्रकात गेल्या. सामू, नत्र-स्फुरद-पालाशचं कोष्टक, अहवाल कसा वाचायचा वगैरे. म्हणजे हे नमुना पाठवल्यानंतरचं आहे, हे मला ढीग करताना कळलं. सात उरल्या.

चहांच्या नियमाने साडेचारशे शब्दांची संहिताही कालच लिहिली होती. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून वाचली. चार मिनिटं दहा सेकंद, आणि शेवटी धाप लागली.

दुपारचा_चहा

बरं, मान्य. पण मी इंग्रजी व्हिडिओ लिहितो, तिथे दीडशे चालतात.

अटलांटिक_काकू

माझा अनुभव सांगते. कामाच्या ठिकाणी आग लागली तर काय करायचं यावर आमच्या टीमने पीपीटीवरून व्हिडिओ केला. स्टोरीबोर्ड साहेबांना दाखवला, त्यांनी चित्रं बघून मान डोलावली. आवाज रेकॉर्ड झाला, अ‍ॅनिमेशन झालं, आणि मग कायदा विभागाने तीन वाक्यं बदलली. आवाज देणारी बाई तोवर दुसऱ्या गावी गेलेली. ती तीन वाक्यं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माइकवर रेकॉर्ड केली, आणि अजूनही व्हिडिओत मध्येच ती पाण्याच्या टाकीतून बोलल्यासारखी वाटते. तेव्हापासून मी चित्रांच्या आधी आवाजाच्या ओळींवर सही घेते. तुमच्याकडे असा सही करणारा कोण आहे ते आधी बघा.

शिवारफेरी

काकू, आहेत. आमच्या मृदाताई. पीपीटी त्यांचीच आहे. त्यांना इथे खेचून आणते.

हा बाराव्या स्लाइडचा माझा पहिला स्टोरीबोर्ड. सातपैकी ही एकच स्लाइड, तिचे सहा सीन झाले. चुका काढा.

सीन ५. दृश्य: शेतात वाकलेला माणूस हाताने काडीकचरा बाजूला करतोय. सुपर: नाही. आवाज: "जागा निवडली की वरचा काडीकचरा हाताने बाजूला करा." (५ सेकंद)

सीन ६. दृश्य: खुरप्याने खड्डा खणतोय. सुपर: १५ ते २० सें.मी. आवाज: "खुरप्यानं व्हीच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या आणि खड्ड्यातली माती टाकून द्या." (८ सेकंद)

सीन ७. दृश्य: खड्ड्याच्या कडेची माती घमेल्यात. सुपर: २ ते ३ सें.मी. आवाज: "आता एका बाजूचा, वरपासून तळापर्यंत, बोटभर जाडीचा थर तासून घ्या." (७ सेकंद)

सीन ८. दृश्य: शेताचा वरून नकाशा, ठिपके. सुपर: ८ ते १० ठिकाणं. आवाज: "असं शेतात आठ ते दहा ठिकाणी करा." (४ सेकंद)

सीन ९. दृश्य: कापडावर मातीचा ढीग, चार भाग. सुपर: चतुर्थांश पद्धत. आवाज: "माती मिसळून चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा." (९ सेकंद)

सीन १०. दृश्य: सावलीत पसरलेली माती. सुपर: सावलीत सुकवा. आवाज: "उरलेली माती सावलीत सुकवा." (४ सेकंद)

मृदाताई

आले. आधी माझ्या पीपीटीची तक्रार ऐकून घेते, ती चौदा मिनिटं मीही बघितली आहेत.

आता आशय. वीत आणि पंधरा ते वीस सेंटिमीटर एकत्र चालणार नाही. मोठ्या माणसाची वीत बावीस सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे आवाज एक सांगतो आणि अक्षर दुसरं. हंगामी पिकांना आपण पंधरा ते वीस सांगतो, ते इंचात सहा ते आठ. शेतकरी फूट-इंचातच बोलतात, तेव्हा आवाजातही इंच आणि पडद्यावरही इंच ठेवा. सेंटिमीटर पत्रकात जाऊ दे.

दुसरं, सीन सातवर लोक सर्वात जास्त चुकतात. खड्डा खणून जी माती निघते तीच उचलून पिशवीत भरतात. व्हीच्या आकाराच्या खड्ड्यात वरची बाजू रुंद आणि तळ निमुळता असतो, त्यामुळे त्या मातीत वरच्या थराचा वाटा जास्त येतो आणि खालचा कमी. कडेचा सारख्या जाडीचा थर घेतला की वर-खाली समान येतं. म्हणून ती माती टाकायची. हे "का" कुठेतरी एका वाक्यात आलंच पाहिजे. नाहीतर चांगली माती का टाकू, असं लोकांना वाटतं.

आणि खताचा विषयच दिसत नाही तुमच्या सीनमध्ये. खताचं रिकामं पोतं वापरू नका, हे बाराव्या स्लाइडवर नव्हतं, तेराव्यावर होतं.

कातरवेळ

ताई, तुम्ही जे सांगितलंत त्यातच माझा मुद्दा आहे. कृती चित्राने सांगायची, कारण आवाजाने. सीन सहात आवाज सांगतोय की खणा आणि टाका. पण आठ सेकंदांत चित्रात माणूस अजून खणतोच आहे. बघणाऱ्याच्या कानावर "टाकून द्या" पडतं आणि डोळ्यांना माती टाकलेली दिसत नाही. एका सीनमध्ये एकच कृती. दोन क्रियापदं आली की सीन मोडा. असं:

सीन ६अ. दृश्य: जमिनीलगत कॅमेरा, खड्डा बाजूने कापल्यासारखा दिसतो. खुरपं आत जातं. शेजारी उभी पट्टी, सहा आणि आठवर लाल खूण. सुपर: ६ ते ८ इंच. आवाज: "खुरप्यानं व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या. सहा ते आठ इंच खोल." (७ सेकंद)

सीन ६ब. दृश्य: तोच कोन. दोन्ही हातांनी माती खड्ड्याबाहेर, लांब. सुपर: नाही. आवाज: "ही माती घ्यायची नाही. हिच्यात वरचा थर जास्त आलेला असतो." (६ सेकंद)

सीन ७. दृश्य: रिकामा खड्डा, जवळून. खुरपं वरच्या कडेला टेकतं, एक सेकंद थांबतं, मग सरळ तळापर्यंत उतरतं. थर घमेल्यात पडतो. सुपर: बोटभर जाड, आणि बोटाचं चित्र थराशेजारी. आवाज: "घ्यायचा तो हा थर." (दोन सेकंद काहीच नाही, फक्त खुरप्याचा आवाज) "वरपासून तळापर्यंत, सारखा." (९ सेकंद)

बघा, सातमध्ये "आता एका बाजूचा वरपासून..." हे लांबलचक वाक्य गेलं. चित्र ते सांगतंय. आवाजाने फक्त "हा" म्हणायचं. "हा", "असं", "इथे" हे शब्द पीपीटीत निरुपयोगी आणि व्हिडिओत सोन्याचे. पण एक अट, चित्र आधी यायला हवं. खुरपं कडेला टेकल्यावर अर्ध्या सेकंदाने "हा" आला तर बरोबर. "हा" आधी आला तर माणूस शोधत बसतो.

सीन आठचा नकाशा बरा आहे, पण ठिपके एका ओळीत काढू नका. नागमोडी चालत जाणारी रेघ काढा आणि ठिपका एकेक करून उमटू दे. बांध, विहीर, झाड आणि शेणखताचा ढीग याच नकाशात राखाडी करून ठेवा, रेघ त्यांना वळसा घालून जाऊ दे. "इथून घेऊ नका" ही वेगळी स्लाइड असेल तर ती इथेच जिरली.

मृदाताई

होती. अकरावी. जिरली म्हणायची. फक्त झाडाखाली, बांधालगत आणि गुरं बांधायच्या जागी, हे तीन तरी आवाजात येऊ द्या.

ध्वनिक्षेपक

मी बरीच वर्षं आवाज देतो, एक छोटीशी सूचना. ओळी लिहिल्या की उभं राहून, मोठ्याने वाचा. "पृष्ठभागावरील काडीकचरा दूर करावा" हे वाचताना कुठलाही माणूस आकाशवाणी होतो. "घ्यावा, करावा" सोडून "घ्या, करा" केलंत ते उत्तम. आकडे संहितेत अक्षरांत लिहा, "६-८" लिहिलं तर कुणी "सहा-आठ" वाचेल, कुणी "सहा ते आठ". आणि सीन पाचमधलं "वरचा काडीकचरा हाताने बाजूला करा" ठीक आहे, पण लोक हाताऐवजी खुरप्याने वरची माती पण खरवडतात ना?

मृदाताई

अगदी बरोबर! वरची माती खरवडायची नाही, फक्त पालापाचोळा. "माती खरवडू नका" जोडा.

शिवारफेरी

जोडलं. आता सगळ्यात अवघड सीन नऊ. मी शेतात जाऊन मोबाइलवर करून बघितलं आणि एक भानगड झाली. ज्या दादांनी हातात माती घेतली त्यांना मी नुसत्या ओळी वाचून दाखवल्या, चित्र नाही. "समोरासमोरचे दोन भाग टाका" ऐकून त्यांनी शेजारशेजारचे दोन टाकले. त्यांच्या मते त्यांच्यासमोरचे दोन, म्हणजे समोरचे. चूक कुणाची सांगा?

कातरवेळ

तुमची आणि भाषेची. पण ओळी वाचून करून घेण्याची ही चाचणी झकास केलीत, ती सगळ्या सीनना लावा. जे ऐकून चुकतं तिथे चित्राने काम करायचं.

हा सीन सगळा वरून घ्या. स्टँड नसेल तर स्टुलावर उभं राहू नका, हात हलतो. खुर्चीच्या पाठीला काठी बांधून मोबाइल खाली तोंड करून लावा, आणि सीन संपेपर्यंत त्याला हात लावू नका. मग असं पाडा:

९अ. पांढरं कापड, त्यावर सगळी माती. हात ती मिसळतात आणि थापून गोल करतात. आवाज: "सगळी माती नीट मिसळा, गोल पसरा." (६ सेकंद)

९ब. बोट मधोमध एक रेघ ओढतं, मग आडवी दुसरी. आवाज बंद. चारही भागांवर १, २, ३, ४ उमटतात, घड्याळाच्या काट्यासारखे फिरत. (५ सेकंद)

९क. १ आणि ३ राखाडी होतात, मग हात तेच दोन भाग काढतात. आवाज: "एक आणि तीन टाकून द्या. दोन आणि चार ठेवा." (६ सेकंद)

९ड. उरलेली माती परत मिसळली जाते, गोल होतो, पुन्हा चार भाग. तोच कोन, ढीग लहान. मग आणखी लहान. आवाज: "असंच पुन्हा करा, अर्धा किलो उरेपर्यंत." (७ सेकंद)

"चतुर्थांश पद्धत" हा सुपर काढा. ते नाव परीक्षेला लागतं, शेतात नाही.

ताई, एक विचारायचं होतं. हे किती वेळा करावं लागतं? एक चित्र विरत दुसरं उमटतं त्याला डिझॉल्व्ह म्हणतात, ते किती टाकायचे ते त्यावर.

मृदाताई

आठ-दहा ठिकाणची मिळून साधारण चार-पाच किलो माती होते. एकदा केलं की निम्मी, अडीचच्या आत. दुसऱ्यांदा सव्वा. तिसऱ्यांदा अर्ध्या किलोच्या जवळ. म्हणजे तीन वेळा.

नाव काढल्याचं थोडं वाईट वाटलं, पण असो.

कातरवेळ

मग दोन डिझॉल्व्ह आणि शेवटी तराजू. अर्धा किलो म्हणजे किती ते डोळ्याला दिसेल. तराजूवर काटा दिसत नसेल तर सुपर द्या.

दुपारचा_चहा

मला एक पटत नाही. आधी आवाजाची संहिता, मग चित्र, असं तुम्ही म्हणताय, पण सीन ९ब मध्ये तर आवाजच नाही. म्हणजे चित्र आधी सुचलं.

कातरवेळ

खरंय. लिहिताना दोन्ही शेजारीच असतात. मी कागदाला उभी घडी घालतो, डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. उजवीकडची जागा रिकामी राहिली तर राहू देतो. पण वेळ मोजायचा तो आवाजावरूनच, कारण चित्र ताणता येतं, वाक्य ताणता येत नाही. एवढ्यासाठी संहिता आधी पक्की.

आणि शूटिंगच्या आधी एक काम उरतं. काडीची माणसं काढलेली चित्रं मोबाइलवर फोटो काढून पीपीटीत एकेका स्लाइडवर टाका, आपल्याच आवाजात ओळी रेकॉर्ड करून लावा, आणि नानांनी सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ एक्स्पोर्ट करा. नाना, तुमची युक्ती इथे कामाची! तो कच्चा व्हिडिओ कुणालातरी दाखवा. जिथे बघणारा खुर्चीत हलतो तिथे सीन लांबलाय.

निवांत_नाना

आभारी आहे. मी म्हणतच होतो.

अटलांटिक_काकू

स्टोरीबोर्डमध्ये वस्तूंचा एक रकाना ठेवा बाई. आमच्या व्हिडिओत एका सीनमध्ये अग्निशामक उजव्या भिंतीवर, पुढच्यात डाव्या.

शिवारफेरी

काकू, वेळेवर सांगितलंत. माझ्या चित्रांत सीन सातला प्लास्टिकचं घमेलं आहे आणि आठच्या शेवटी लोखंडी. मृदाताईंनी बघितलं असतं तर...

मृदाताई

बघितलं. सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी करायची असेल तर लोखंडी भांडी-अवजारं टाळायला आपणच सांगतो. घमेलं प्लास्टिकचंच ठेवा. खुरपं लोखंडी आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न व्हिडिओत न आणता मी बैठकीत घेईन. सूक्ष्म अन्नद्रव्यं नसतील तर खुरप्याने बिघडत नाही.

खताचं पोतं मात्र हवंच. मला वाटतं ते चुकीचं करताना दाखवू, म्हणजे ठसेल.

कातरवेळ

सांभाळून. लोक आवाज बंद करून बघतात. खताच्या पोत्यात माती भरतानाचं चित्र आवाजाविना बघितलं तर तीच पद्धत समजून करतील. चूक दाखवायचीच असेल तर सीनच्या पहिल्या फ्रेमपासून लाल फुली पडद्यावर हवी, नंतर उमटणारी नको. आणि दोन सेकंदांच्या वर ठेवू नका. लगेच कापडी पिशवी, आत चिठ्ठी. चिठ्ठी मात्र निवांत दाखवा, नाव, गट नंबर, पीक, तारीख. तिथे आवाज बोलला तरी अक्षरं हवीतच, कारण माणसाला ती उतरवून घ्यायची आहेत.

दुपारचा_चहा

आवाज बंद करून बघतात म्हणता, मग खाली सबटायटल का नाही? म्हणजे माझा मेयर गेला बाराच्या भावात.

कातरवेळ

याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सबटायटल टाकलं की बघणारा वाचतो आणि खुरपं कुठे टेकलं ते निसटतं. नाही टाकलं तर एसटीत बसलेल्याला काही कळत नाही. मी दोन प्रती काढतो आणि कुठली फिरते ते माझ्या हातात राहत नाही.

ध्वनिक्षेपक

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी तरी सबटायटल हवं. माझ्या वडिलांना त्याशिवाय बातम्याही कळत नाहीत.

शिवारफेरी

माझ्या बोर्डात सध्या नाही, यावर विचार करते. दुसरा पेच असा, की उभा करू की आडवा? बैठकीत प्रोजेक्टर आडवा, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे फोन उभा धरतात.

कातरवेळ

बोर्डवरच ठरवा, नंतर कापून होत नाही. तुमचे जवळचे सीन, खड्डा, थर, पिशवी, उभ्यात छान बसतात. ९चा गोलही बसेल. पण आठचा नागमोडी नकाशा उभ्यात चिंचोळा होईल, शेत आडवं आहे. तो वेगळा काढा. मी असतो तर उभा केला असता.

मृदाताई

मी असते तर आडवा. बैठकीत माझ्यासमोर चाळीस माणसं असतात.

शिवारफेरी

बसा आता दोघं भांडत :)

मंडळी, आणखी एक तांत्रिक अडचण. पीपीटीतला मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की "सावलीत" ऐवजी चौकोन आणि इंग्रजी चिन्हं येतात. युनिकोडमध्ये टाइप करून टाकलं तर "खड्ड्या"चा जोडाक्षर फुटतो, दोन-दोन ड आणि पाय मोडलेले.

कातरवेळ

पहिला प्रकार जुन्या फाँटचा, तो मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय सुटत नाही. दुसरा प्रकार एडिटरचा. काही एडिटरना देवनागरीची जोडणी येत नाही, काहींमध्ये ती सेटिंगमध्ये बंद असते. डोकेफोड नको असेल तर सुपर पॉवरपॉइंटमध्येच टाइप करा, मजकुराच्या चौकटीवर राइट क्लिक, `Save as Picture`, आणि पीएनजी करून ठेवा. पार्श्वभूमी पारदर्शक येते. मग ते चित्र म्हणून एडिटरमध्ये ठेवायचं, फुटायचा प्रश्नच नाही. फक्त अक्षर आधीच मोठं ठेवा, नंतर ताणलं तर धूसर होतं. तुमचे सुपर किती आहेत? दहा-बारा? अर्ध्या तासाचं काम.

शिवारफेरी

अकरा आहेत. मोजले.

आजचा हिशोब टाकते. सात स्लाइडचे सोळा सीन झाले. आवाजाचे शब्द दोनशे त्रेसष्ट. काडीच्या चित्रांचा कच्चा व्हिडिओ तीन मिनिटं बारा सेकंदांचा आला. ते पाचव्या मिनिटाला उठलेले काका, त्यांनाच मुद्दाम दाखवला. पूर्ण बघितला. ९क ला "एक आणि तीन" म्हटल्यावर त्यांनी हवेतच बोट फिरवून दाखवलं, बरोबर. पण सीन आठनंतर म्हणाले, "दोन एकरात अर्धी जमीन काळी, अर्धी मुरमाड. मग सगळी एकातच मिसळू?"

मृदाताई

नाही! रंग, उतार, खोली वेगळी असेल तर नमुना वेगळा. दहाव्या स्लाइडवर होतं ते. तुम्ही ती पत्रकाच्या ढिगात टाकलीत का?

शिवारफेरी

टाकली :( आता सीन चारनंतर एक घालावा लागेल. म्हणजे पुन्हा शब्द मोजणं आलं. कातरवेळ दादा, नकाशा दोन रंगांत करून त्यातच जिरवता येईल का?

कातरवेळ

येईल, पण मग रेघा दोन लागतील, घमेली दोन, पिशव्या दोन. आठ सेकंदांत मावणार नाही. नकाशा आधी आणा, सीन चारच्या जागी, आणि तिथे फक्त शेताचे दोन तुकडे पाडा. रेघ नंतर एकाच तुकड्यात चालवा.

शिवारफेरी

करते. उद्या दुपारी शेतात शूटिंग ठरलंय, घमेलं प्लास्टिकचंच घेऊन जातेय. निळं. कुणी लाल देऊ नका मध्येच.